रात्रीच का बंद पडतात कॅमेरे?

सोसायटीतले कॅमेरे दिवसभर नीट चालतात. अंधार पडला की मात्र कधी गेटवरचा, कधी जिन्यातला कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. संशय आधी कॅमेऱ्यावर जातो, पण हिशेब पाहावा तो पीओई स्विचचा. हा स्विच नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणांना वीजही पुरवतो.

समजा, आठ पोर्टच्या स्विचची एकूण क्षमता 65 वॅट आहे. त्यावर सहा कॅमेरे आणि दोन वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत. दिवसा प्रत्येक कॅमेरा 4 वॅट आणि प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट 12 वॅट घेतो, म्हणजे एकूण 48 वॅट. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा 8 वॅटवर जातो आणि बेरीज होते 72.

मग स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडतो. भार उतरला की ती परत देतो. कॅमेऱ्याचे दिवे पुन्हा लागतात आणि चक्र सुरू राहते.

स्विचच्या लॉगमध्ये वीज कमी पडल्याची नोंद सापडली, तर निदान पक्के. एकच पोर्ट सतत पडत असेल, तर आधी केबल आणि कनेक्टर तपासावेत.

स्विच निवडताना रात्रीची कमाल बेरीज धरून वर पाव हिस्सा राखावा. इथे 90 वॅट लागतात, म्हणून 120 वॅटचा स्विच पुरेसा ठरतो.