साठीच्या शुभेच्छा, इटालियन पद्धतीने

इटालियन मित्राची साठी असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नका. आदल्या दिवशी दिलेल्या शुभेच्छा तिकडे अपशकुनी मानतात. एक दिवस उशीर चालेल, पण आधी नको.

वयाची थट्टा मात्र खुशाल करावी, कारण भाषेनेच तिची सोय केली आहे. चाळीसला 'क्वारांता', पन्नासला 'चिंक्वांता', साठला 'सेस्सांता'. चाळिशीपासून नव्वदीपर्यंत सगळ्या दशकांच्या शेवटी 'आंता' येतं, म्हणून चाळिशी गाठलेला माणूस 'आंता'त शिरला असं म्हणतात. तेव्हा मित्राला लिहावं: "आंताच्या वर्गात तू आता तिसऱ्या इयत्तेत गेलास, आणि अजून तीन बाकी आहेत!" चिडवणंही झालं आणि नव्वदीचा आशीर्वादही.

मग आदराचं एक वाक्य हवंच. 'ली पोर्ती बेने' म्हणजे ही वर्षं तू छान मिरवतोस. 'अजून तरुण दिसतोस'पेक्षा मला हे आवडतं, कारण त्यात वय लपवायचं नसतं. शेवटी 'चेंतो दि क्वेस्ती जोर्नी', असे शंभर दिवस येवोत. आपलं 'जीवेत शरदः शतम्' याच्या अगदी जवळचं.

फुलं पाठवणार असाल तर शेवंती टाळा. आपल्याकडे ती वेणीत शोभते, तिकडे 2 नोव्हेंबरला मृतांच्या थडग्यांवर वाहतात.

आणि हो, कॉफी प्यायला गेलात तर पैसे काढू नका. तिकडे वाढदिवस ज्याचा, बिल त्याचं.