जांभळ्या साडीचा रंग हिरवा कसा निघतो?

घरून साड्या विकणाऱ्यांचा एक ठरावीक वैताग असतो. साड्यांचे फोटो काढून होतात आणि किमती एक्सेलच्या शीटमध्ये भरून होतात. ‘रंग’ हा रकाना मात्र रिकामा राहतो. तीनशे साड्या असतील, तर तीनशे फोटो उघडून पाहायचे आणि नाव टाइप करायचे. शंभराव्या फोटोनंतर डोळे दमतात आणि ‘आमसुली’च्या जागी ‘मरून’ पडायला लागते. रकाना रिकामा सोडावा, तर ‘जांभळा’ शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला जांभळी साडी दिसतच नाही.

हे काम संगणकाला सांगता येते आणि त्याचा प्रोग्रॅमही लहान असतो. मात्र ‘या फोटोत कोणता रंग जास्त आहे?’ एवढेच विचारले, तर उत्तर हमखास चुकते.

संगणकाला फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. जांभळ्या अंगाची आणि हिरव्या काठांची पैठणी घेऊ. पांढऱ्या पडद्यावर फोटो काढलाय. सगळ्या ठिपक्यांची सरासरी काढावी, असे आधी सुचते. अंगाचा जांभळा (९०, ३०, ११०) आणि काठाचा हिरवा (२०, ११०, ६०) निम्मे निम्मे धरले, तर सरासरी येते (५५, ७०, ८५). हा झाला पाटीसारखा निळसर राखाडी. साडीत तो औषधालाही नाही. मग वाटते, सर्वांत जास्त वेळा आलेला रंग घ्यावा. तो निघतो पांढरा, कारण पडदाच सर्वांत मोठा. कापडाचा जांभळा मात्र घड्या आणि सावल्यांमुळे हजारो जवळजवळ सारख्या छटांत विखुरलेला असतो. त्यातली कोणतीही एक छटा मोजायला गेलो, तर हाताला चार-दोन ठिपकेच लागतात.

म्हणून आधी पडदा काढायचा. ‘पांढरे दिसेल ते सगळे गाळ’ असे सांगितले, तर जरीची चमक आणि मोतिया रंगाची अख्खी साडीही गळते. त्यापेक्षा चारही कोपऱ्यांतून रंग ओतायचा. तो सारख्या रंगाच्या ठिपक्यांतून पसरत जातो आणि साडीच्या कडेशी थांबतो. पायथनच्या पिलो या मोफत लायब्ररीत ते असे होते:

```python
im = Image.open(photo).convert("RGB").resize((150, 150))
for kopra in [(0, 0), (149, 0), (0, 149), (149, 149)]:
    ImageDraw.floodfill(im, kopra, (255, 0, 255), thresh=40)
thipke = [p for p in im.getdata() if p != (255, 0, 255)]
```

फोटो आधी १५० बाय १५० इतका लहान केला, कारण रंग कळायला तेवढे पुरे. ओतलेला रंग भडक आणि कृत्रिम आहे. साडीत तो बहुधा सापडत नाही. ४० ही सवलत आहे. कोपऱ्याच्या ठिपक्यापासून तिन्ही आकड्यांच्या फरकांची बेरीज चाळीसपर्यंत असेल, तर तो ठिपका पडद्याचाच मानायचा, म्हणजे पडद्यावरची हलकी सावलीही निघून जाते. यात एक खोड आहे. पदर पसरून थेट फोटोच्या कोपऱ्यापर्यंत नेला असेल, तर रंग पदरातच ओतला जातो आणि साडी खाऊन टाकतो. ठिपके दहाव्या हिश्शाहून कमी उरले, तर प्रोग्रॅमने रंगाचा अंदाज न बांधता रकान्यात सरळ ‘तपासा’ लिहावे.

उरलेल्या ठिपक्यांचे गट पाडायची जुनी रीत पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली मांडली. तेव्हाच्या पडद्यांवर एका वेळी जेमतेम २५६ रंग दाखवता येत, त्यामुळे फोटोतले असंख्य रंग मोजक्या रंगांवर आणणे भाग होते. सगळे ठिपके एका पेटीत भरायचे. लाल, हिरवा, निळा यांपैकी ज्या आकड्यात सर्वांत जास्त फरक दिसतो, त्या बाजूने पेटी चिरायची, तीही अशी की निम्मे ठिपके इकडे आणि निम्मे तिकडे. हव्या तितक्या पेट्या होईपर्यंत हेच करत राहायचे. पिलोमध्ये `quantize(6)` म्हटले, की साध्या रंगीत फोटोवर हीच रीत चालते.

‘निम्मे निम्मे’ हे शब्द ध्यानात ठेवा, कारण घोळ तिथेच आहे. आपल्या पैठणीचे पडदा वजा जाता १२,००० ठिपके उरले असे धरू. सहा पेट्यांत ते असे पडू शकतात: जांभळ्याच्या तीन छटा १,९००, २,००० आणि १,८००, हिरव्याच्या दोन २,३०० आणि १,९००, जरीची एक २,१००. सर्वांत मोठी पेटी हिरवी! बहुतेक तयार नमुने इथेच ‘सर्वांत मोठी पेटी घ्या’ म्हणून मोकळे होतात आणि जांभळी पैठणी हिरव्यांत जाऊन बसते. पेट्या मुळातच सारख्या मापाच्या होत असतात, त्यामुळे कोणती मोठी निघाली याला फारसा अर्थ नसतो.

उपाय साधा आहे: आधी नाव, मग बेरीज. प्रत्येक पेटीला जवळच्या रंगाचे नाव द्यायचे आणि एकाच नावाच्या पेट्या एकत्र करायच्या. जांभळा ५,७००, हिरवा ४,२००, सोनेरी २,१००. आता जांभळा साडेसत्तेचाळीस टक्के, काठ पस्तीस.

नावासाठी पंधरा-वीस रंगांची यादी लागते. ती इंटरनेटवरून उचलू नये. आपल्याच दुकानातली एक राणी, एक मोरपंखी, एक चिंतामणी, एक डाळिंबी साडी त्याच दिव्याखाली ठेवून फोटो काढावा आणि त्यातले आकडे घ्यावेत. पिवळ्या बल्बखाली सगळेच रंग पिवळ्याकडे झुकतात, पण मग यादीही तितकीच झुकलेली असते. जवळचा रंग शोधताना लाल-हिरवा-निळा यांच्या आकड्यांतले अंतर मोजू नये, कारण ते डोळ्याला दिसणाऱ्या फरकाशी नीट जुळत नाही. त्यासाठी सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ मध्ये ‘लॅब’ नावाची मोजपट्टी ठरवली. आकडे तिच्यात बदलून अंतर काढले, की आमसुली आणि तपकिरी यांची गफलत बरीच कमी होते.

शीटमध्ये एक नाही, तीन रकाने ठेवावेत: रंगाचे नाव, रंगाचा कोड आणि त्या रंगाचा हिस्सा. कोडच्या आधी `#` असलाच पाहिजे. गडद हिरव्याचा कोड `006400` असा सीएसव्ही फाइलमध्ये लिहिला, तर एक्सेल त्याला संख्या समजते आणि पुढची शून्ये गिळून `6400` करते. `5500E5` चे तर पंचावन्न कोटी होतात. `#006400` लिहिले, की तो मजकूरच राहतो. शेजारच्या चौकटीत तोच रंग भरून घेतला, तर ‘पोपटी’ या नावाशेजारी विटकरी चौकट आली की नजर तिथेच अडते.

तिसरा रकाना लोक गाळतात, आणि माझ्या मते खरा उपयोग त्याचाच. हिस्श्यानुसार चढत्या क्रमाने शीट लावली, की ज्या साड्यांत एकही रंग ठामपणे पुढे नाही, त्या वर येतात. बहुरंगी छापाच्या साड्या तिथे दिसतात आणि धूपछाँवही दिसते. तिचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. घडी फिरली की रंग फिरतो. फोटोत त्यातला कोणता पकडला गेला, हे कॅमेरा कुठे उभा होता यावर ठरते. अशा साडीला प्रोग्रॅम दोन नावे जवळपास सारख्या हिश्श्याने देतो आणि तिथे माणसानेच दोन्ही रंग लिहावेत.

पांढऱ्या पडद्यावरच्या पांढऱ्या साडीला मात्र यातले काहीच उपयोगी पडत नाही. सवलत कमी-जास्त करत बसण्यापेक्षा तिच्यापुरता मागे राखाडी कपडा लावून फोटो पुन्हा काढावा. ‘तपासा’ लिहून आलेल्या ओळींत बऱ्याचदा याच साड्या निघतात.