भिंतीच्या पोटातला ताप

सिमेंट पाण्याशी मिळाले की उष्णता सुटते. पातळ स्लॅबमध्ये ती लगेच निघून जाते, पण मीटरभर जाडीच्या भिंतीत अडकून पडते. अशा भिंतीत सर्वांत गरम जागा कुठली? पटकन तोंडी येणारे उत्तर म्हणजे ‘मधोमध’. ते खरे ठरते, पण दोन्ही अंगांना सारखाच वारा लागत असेल तरच.

समजा, एका बाजूचे शटरिंग काढले आहे आणि दुसऱ्या बाजूला प्लायवूड तसेच आहे. दोन्हीकडची हवा ३० अंशांची. उघडी बाजू दर चौरस मीटरला, दर अंशामागे २० वॅट उष्णता सोडते, प्लायवूडची बाजू फक्त ५. आत प्रत्येक घनमीटरमागे ३०० वॅट तयार होतात आणि काँक्रीटची उष्णतावाहकता २ आहे.

सर्वांत गरम जागा ही डोंगराच्या धारेसारखी असते. तिच्या अलीकडे पडलेले पाणी एका खोऱ्यात जाते, पलीकडचे दुसऱ्या. तशी इथे उष्णता दुभंगते. धारेवर तापमानाचा उतार शून्य, म्हणून तिथून कुठेच काही वाहत नाही. दोन्ही बाजूंनी मोजत गेलो तरी धारेचे तापमान एकच यायला हवे, एवढ्या अटीवर तिची जागा सापडते: उघड्या बाजूपासून ६० सेंटिमीटर. म्हणजे ६० सेंटिमीटरची उष्णता वाऱ्याकडे जाते, उरलेल्या ४० ची प्लायवूडकडे. धारेवर ६६ अंश, प्लायवूडच्या पृष्ठभागावर ५४ आणि उघड्या पृष्ठभागावर अवघे ३९.

गंमत अशी, की मधोमध खुपसलेली थर्मोकपलची तार ६५ अंशांच्या वरच दाखवते. धारेचा माथा सपाट असतो, त्यामुळे शिखर हुकले तरी फरक अंशाहून कमी. खरा धोका उघड्या अंगाला आहे. तिथून आतपर्यंत २७ अंशांचा फरक पडतो आणि आत-बाहेर २० अंशांहून जास्त फरक नको, असा बांधकामातला ठोकताळा आहे. थंड पृष्ठभाग आकसू पाहतो, गरम गाभा त्याला आकसू देत नाही आणि तडा जातो.

उघड्या बाजूलाही तसेच आच्छादन घातले तर धार मध्यावर येते आणि फरक १९ अंशांच्या आत राहतो. पण गाभा ७९ अंशांवर जातो. काँक्रीट ७० च्या वर तापू देऊ नये, कारण पुढे काही वर्षांनी ते फुगून तडकू शकते. म्हणून आच्छादनाआधी मिश्रणातले सिमेंट कमी करून फ्लाय ॲश घालावी लागते.

हे आकडे स्थिर अवस्थेचे आहेत. प्रत्यक्षात सिमेंटची उष्णता काही दिवसांत ओसरते, त्यामुळे भिंत इतकी तापण्याआधीच निवू लागते. तरी साइटवर एकच तार लावायची वेळ आली, तर दुसरीसाठी हट्ट धरा: एक पोटात, दुसरी वाऱ्याकडच्या पृष्ठभागालगत.