कॉम्प्रेसरखालचे वीस मिलिमीटर

पहिल्या मजल्यावरच्या कारखान्यात पट्ट्यावर चालणारा छोटा एअर कॉम्प्रेसर आहे असं धरू. वजन १२० किलो, पंपाचे फेरे मिनिटाला ७२०, म्हणजे सेकंदाला १२ हादरे. स्लॅब थरथरतो आणि खालचे लोक तक्रार करतात. पहिला उपाय ठरलेला असतो, चार पायांखाली रबरी पॅड.

पॅड किती कामाचा, हे तो यंत्राच्या वजनाने किती दबला यावर ठरतं. आधारावर ठेवलेल्या यंत्राला झुलण्याची स्वतःची एक लय असते. सेकंदाला किती झोके, ते काढायला १५.८ या आकड्याला दबलेल्या मिलिमीटरांच्या वर्गमुळाने भागायचं. जाड पॅड १ मिमी दबला, तर लय जवळजवळ १६. हादरे जेव्हा या लयीच्या १.४ पटीहून जलद असतात, तेव्हाच ते अडायला लागतात. इथे हादरे १२ आणि लय १६, त्यामुळे पॅड हादरा कमी करत नाही, उलट वाढवतो. मग कुणीतरी पॅडवर पॅड ठेवतं. २ मिमी दबलं की लय ११ वर येते, आणि हलत्या ओझ्याखाली रबर थोडं ताठ होत असल्याने ती नेमकी १२ च्या आसपास जाते. यापेक्षा वाईट जागा नाही!

इथे स्प्रिंगच हवी. प्रत्येक पायावर ३० किलो येत असतील आणि स्प्रिंग २० मिमी दबत असेल, तर लय ३.५ होते आणि हिशोबाने जेमतेम दहावा हिस्सा हादरा खाली उतरतो. या हिश्श्यालाच ट्रान्समिसिबिलिटी म्हणतात. प्रत्यक्षात मोटारीची बाजू जड असते, म्हणून तिथल्या स्प्रिंगा ताठ घ्याव्या लागतात, नाहीतर यंत्र तिरकं बसतं. सुरू होताना आणि थांबताना फेरे मिनिटाला २१० च्या, म्हणजे याच लयीच्या, आसपास येतात तेव्हा यंत्र क्षणभर जोरात डुलतं. स्प्रिंगमध्ये ते डुलणं जिरवण्याची ताकद नसते. पायाखाली जड काँक्रीटचा पाट घालून त्या वजनाच्या स्प्रिंगा निवडल्या, तर डुलणं आवरतं. स्प्रिंगखाली पातळ रबर ठेवावं, कारण स्प्रिंगच्या तारेतून बारीक कर्कश आवाज उतरतो तो रबर अडवतं.

मोजताना बरेच जण यंत्राच्या पायावरचं आणि जमिनीवरचं कंपन मोजून भागाकार करतात. त्याने फसगत होते. स्प्रिंगवर मोकळं झालेलं यंत्र आधीपेक्षा जास्त हलतं, म्हणून भागाकार उगाच छान दिसतो. त्यापेक्षा स्लॅबवर एक खूण करावी, मोबाइल तिथे घट्ट चिकटवून phyphox ॲपमध्ये कंपनाचा स्पेक्ट्रम घ्यावा आणि १२ च्या शिखराची उंची टिपावी. स्प्रिंगा बसवल्यावर त्याच खुणेवर, टाकीत तेवढाच दाब असताना, पुन्हा मोजावं. यंत्र बंद असतानाचं कंपनही नोंदवून ठेवावं. स्लॅब स्वतःही लवतो, त्यामुळे प्रत्यक्षात दहाव्याऐवजी पाचवा हिस्सा उरला तरी काम चांगलं झालं असं मी मानतो.

निम्माही फरक पडला नाही, तर स्प्रिंगा बदलण्याआधी हवेची लाइन पाहावी. कडक लोखंडी पाइप थेट भिंतीत गेला असेल, तर हादरा स्प्रिंगांना टाळून तिकडून जातो. मध्ये हातभर रबरी होज टाकून पुन्हा मोजावं.