आधी अठ्ठावीस आठवडे, नंतर बहात्तर तास

१९३९ साली लेव्हिन आणि स्टेटसन या दोन डॉक्टरांनी एका बाईची हकिगत प्रसिद्ध केली. तिला मृत बालक झाले होते. रक्तस्राव झाल्यामुळे तिला नवऱ्याचे रक्त देण्यात आले. दोघांचाही रक्तगट ओ, तेव्हा रक्त जुळायला हवे होते. पण ते देताच तिला थंडी वाजून आली आणि प्रकृती एकदम बिघडली. तिच्या रक्तात असे काही तरी होते की ते नवऱ्याच्या तांबड्या पेशींचा गठ्ठा करीत होते. ते आले कोठून? लेव्हिन यांनी तर्क केला की, बाळाला बापाकडून मिळालेला एखादा पदार्थ आईच्या शरीराला परका वाटला असावा आणि तिने त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार केले असावे. पुढच्याच वर्षी लॅण्डस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस घटकाचा शोध जाहीर केला आणि या कोड्याचा उलगडा होऊ लागला.

ज्यांच्या तांबड्या पेशींवर 'डी' नावाचे प्रथिन असते ते ऱ्हीसस-धन आणि ज्यांच्या पेशींवर ते नसते ते ऱ्हीसस-ऋण. भारतात शंभरांत सुमारे पाच माणसे ऋण असतात. ऋण असणे हा काही आजार नव्हे. अडचण येते ती आई ऋण आणि पोटातील बाळ धन असेल तेव्हा.

तुम्ही म्हणाल, पण आईचे आणि बाळाचे रक्त तर एकमेकांत मिसळत नाही! बरोबर आहे. दोहोंमध्ये वारेचा पडदा असतो. मात्र तो अगदी निर्दोष नसतो. गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, बाळाच्या काही पेशी आईकडे निसटतात. बाळंतपणात वार सुटताना त्याहून जास्त पेशी जातात. गर्भपात, पोटाला बसलेला जोराचा मार किंवा गर्भजल काढून केलेली तपासणी यांमुळेही असे घडू शकते.

तरीही पहिले बाळ बहुधा सुखरूप असते. त्याचे कारण असे की, परक्या पदार्थाशी पहिल्यांदा गाठ पडली म्हणजे शरीराला प्रतिद्रव्य बनवायला काही आठवडे, कधी कधी महिनेही लागतात. शिवाय सुरुवातीला बनणारे प्रतिद्रव्य आकाराने मोठे असते, ते वारेतून पार होत नाही. तोवर बाळ जन्मून मोकळे झालेले असते. पण आईच्या शरीरात त्या भेटीची आठवण कायम राहते. पुढच्या खेपेला धन बाळाच्या थोड्याशा पेशी आल्या तरी प्रतिद्रव्य झपाट्याने आणि भरपूर तयार होते, आणि या वेळचे लहान आकाराचे असल्याने ते वारेतून थेट बाळाकडे जाते. बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, त्याला पंडुरोग होतो, अंगावर सूज येते. पेशी फुटून बनणारे पिवळे बिलिरुबिन पोटात असेतोवर आईचे यकृत निपटून टाकते. जन्मानंतर मात्र बाळाच्या कोवळ्या यकृताला ते काम झेपत नाही. कावीळ वाढते आणि तिचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

यावर उपाय सुचला तो निसर्गाच्याच एका नोंदीवरून. आईचा रक्तगट ओ आणि बाळाचा ए असेल, तर आईला ऱ्हीससविरोधी प्रतिद्रव्य होण्याचे प्रमाण कमी असते. ओ गटाच्या रक्तात ए-विरोधी प्रतिद्रव्य जन्मानंतर लवकरच तयार झालेले असते. ते बाळाच्या निसटलेल्या पेशी चटकन नष्ट करते, त्यामुळे 'डी'ची नोंद घेण्याला शरीराला सवडच मिळत नाही. मग ऋण आईला बाहेरून तयार डी-विरोधी प्रतिद्रव्य टोचले तर? इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे क्लार्क व फिन यांनी आणि न्यूयॉर्क येथे फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक यांनी १९६० नंतर हा प्रयोग यशस्वी केला. १९६८ मध्ये अमेरिकेत हे औषध वापरात आले. त्यालाच अँटी-डी म्हणतात. ज्यांच्या रक्तात हे प्रतिद्रव्य आहे अशा दात्यांच्या रक्तद्रवापासून ते बनवतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात अकराशेंहून अधिक वेळा असे दान केले.

आता वेळेचा प्रश्न. न्यूयॉर्कच्या गटाने सिंग सिंग तुरुंगातील स्वयंसेवकांवर प्रयोग केले तेव्हा धन पेशी टोचल्यापासून ७२ तासांनी दिलेले अँटी-डीसुद्धा उपयोगी पडले. म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत इंजेक्शन द्यावे असा नियम रूढ झाला. ७३ व्या तासाला दार बंद होते असे मात्र नव्हे. उशीर झाला तरी दहा दिवसांपर्यंत ते देणे फायद्याचे असते. पण जितके लवकर तितके बरे, कारण शरीराची नोंद-यंत्रणा कोणासाठी थांबत नाही.

पण एवढ्याने भागले नाही. बाळंतपणानंतर इंजेक्शन घेऊनही शंभरांतील एक-दोन स्त्रियांत प्रतिद्रव्य आढळे. त्यांच्या शरीराने नोंद गर्भारपणातच घेतलेली होती. म्हणून २८ व्या आठवड्यात आणखी एक इंजेक्शन देऊ लागले. २८ वाच का, याचे गणित करून पाहू. नेहमीची मात्रा ३०० मायक्रोग्रॅम असते आणि साधारण तीन आठवड्यांत ती अर्धी उरते. म्हणजे ३१ व्या आठवड्यात १५०, ३४ व्या आठवड्यात ७५, ३७ व्या आठवड्यात सुमारे ३७ आणि चाळिसाव्या आठवड्यात जेमतेम १९. निसटत्या थोड्या पेशींसाठी हा पहारा शेवटपर्यंत टिकतो, पण बाळंतपणातील मोठ्या लोंढ्याला तो अपुरा असतो. म्हणून नवजात बाळाचा गट पाहतात आणि ते धन असेल तर दुसरे इंजेक्शन देतात. ते ऋण असेल तर दुसऱ्याची गरजच नसते. आणि हेच प्रतिद्रव्य बाळाकडे गेले तर? थोडेसे जाते, पण त्याचे प्रमाण इतके अल्प असते की बाळाला इजा होत नाही.

३०० मायक्रोग्रॅम मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरते. क्वचित याहून जास्त रक्त आईकडे जाते. ते ओळखण्यासाठी आईच्या रक्ताचा थर काचपट्टीवर घेऊन त्यावर आम्ल टाकतात. मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन धुऊन जाते आणि तिच्या पेशी फिकट पडतात. बाळाचे हिमोग्लोबिन टिकते आणि त्याच्या पेशी गुलाबी दिसतात. समजा, हजार पेशींत आठ गुलाबी आढळल्या आणि आईच्या अंगात पाच लिटर रक्त आहे. ५००० ला ८ ने गुणून १००० ने भागले की ४० मिलिलिटर येतात. एक मात्रा ३० लाच पुरते, म्हणून या आईला दोन मात्रा लागतील.

एक मर्यादा मात्र पक्की आहे. शरीराने एकदा नोंद घेतली की अँटी-डी ती पुसू शकत नाही. म्हणून गर्भारपणाच्या सुरुवातीला आणि २८ व्या आठवड्यात कूम्ब्ज तपासणीने आईच्या रक्तात प्रतिद्रव्य आहे का ते पाहतात. त्यासाठीचे रक्त इंजेक्शनच्या आधी घ्यायचे असते, कारण नंतर टोचलेलेच प्रतिद्रव्य तपासणीत सापडते आणि गोंधळ होतो. आईने स्वतः प्रतिद्रव्य बनवलेले आढळले, तर इंजेक्शनचा उपयोग नसतो. मग बाळावर बारीक लक्ष ठेवावे लागते, आणि पंडुरोग फार वाढला तर त्याला पोटात असतानाच ऋण रक्त द्यावे लागते. इंजेक्शनचा सारा उपयोग ती नोंद होण्याआधीच असतो.