दुरुस्त झालेला दोष पुन्हा का उद्भवतो? : तातडीची दुरुस्ती आणि मुख्य शाखा यांतील तुटलेला दुवा

प्रस्तावना

संगणकीय आज्ञावलीतील एखादा दोष सापडतो, तातडीने दुरुस्त होतो, वापरणाऱ्यांची तक्रार थांबते; आणि काही महिन्यांनी नवी आवृत्ती आली की तोच दोष जसाच्या तसा पुन्हा समोर येतो. अशा वेळी दुरुस्ती नीट झाली नव्हती, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः अनेकदा दुरुस्ती अचूकच असते. फक्त ती ज्या प्रतीत केली गेली, त्या प्रतीतून पुढील आवृत्ती तयार होत नाही. प्रस्तुत लेखात या एकाच कारणाचे विवेचन केले आहे. ते कसे घडते, कसे ओळखावे आणि त्याला आळा कसा घालावा, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

ग्रंथव्यवहारातील एक साम्य येथे उपयोगी पडेल. छापून झालेल्या पुस्तकात चूक आढळली की प्रकाशक शुद्धिपत्र छापून शिल्लक प्रतींत चिकटवतो. वाचकाची अडचण दूर होते. परंतु छापखान्यातील मूळ जुळणीत ती दुरुस्ती केली नाही, तर दुसऱ्या आवृत्तीत जुनी चूक पुन्हा छापली जाते. आणि शुद्धिपत्र पहिल्या आवृत्तीचे असल्यामुळे दुसऱ्या आवृत्तीच्या वाचकाजवळ तेही नसते.

शाखांची रचना

आज्ञावलीचा मजकूर सांभाळण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी गिट ही प्रणाली वापरली जाते. तीत प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद होते. तिला कमिट म्हणतात. नव्या सुविधांचे काम जेथे सतत चालू असते ती मुख्य शाखा होय. एखादी आवृत्ती ग्राहकाला देण्याची वेळ आली की मुख्य शाखेपासून एक वेगळी शाखा काढली जाते. यापुढे दोन्ही शाखांचे आयुष्य स्वतंत्र असते. मुख्य शाखेवर पुढील आवृत्तीचे अर्धवट काम साचत जाते, तर वेगळी काढलेली शाखा स्थिर ठेवली जाते.

वापरातील आवृत्तीत गंभीर दोष आढळला, तर मुख्य शाखेवरून दुरुस्त आवृत्ती देता येत नाही, कारण तेथील काम अपुरे असते. म्हणून दुरुस्ती स्थिर शाखेवर केली जाते. हिलाच हॉटफिक्स अर्थात तातडीची दुरुस्ती म्हणतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोष शाखा फुटण्यापूर्वीचा असेल, तर तो दोन्ही शाखांत असतो. दुरुस्ती मात्र एकाच शाखेत होते. ती मुख्य शाखेत नेणे हे वेगळे काम आहे आणि ते आपोआप होत नाही.

एक उदाहरण

महाविद्यालयाच्या निकालप्रक्रियेची एक कल्पित आज्ञावली घेऊ. आवृत्ती २.३ ऑक्टोबरमध्ये वापरात आली. तिच्यासाठी release-2.3 ही शाखा काढली गेली आणि मुख्य शाखेवर श्रेयांक पद्धतीसाठी आवृत्ती २.४ चे काम सुरू झाले. उत्तीर्णतेची मर्यादा ४० गुणांची होती. गैरहजर विद्यार्थ्यांच्या नोंदी आधीच वेगळ्या काढल्या जात. उरलेल्यांचे गुण फाइलमधून मजकूर म्हणून वाचले जात आणि पुढील ओळीत तपासले जात :

```
if row['marks'] >= '40':
```

ही तुलना संख्यांची नसून अक्षरांची आहे. शब्दकोशात शब्द लावावेत तसे संगणक येथे डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहतो. त्यामुळे १०० गुण मिळवणारा विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो, कारण १ हे चिन्ह ४ च्या आधी येते. आणि ५ ते ९ गुण मिळवणारे उत्तीर्ण ठरतात. दोन अंकी गुणांचा निकाल मात्र बरोबर लागतो, म्हणून नेहमीच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. डिसेंबरच्या निकालात १०० गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याने तक्रार केली, तेव्हा तो उघड झाला. चुकून उत्तीर्ण झालेल्यांकडून तक्रार येण्याची शक्यता अर्थातच कमी होती.

त्याच रात्री स्थिर शाखेवर दुरुस्ती झाली :

```
if int(row['marks']) >= 40:
```

सोबत ९ आणि १०० या दोन गुणांची एक स्वयंचलित चाचणीही लिहिली गेली, आवृत्ती २.३.१ दिली गेली, निकाल सुधारला आणि तक्रारीची नोंद बंद झाली. आता हा बदल मुख्य शाखेत न्यायचा होता. परंतु तेथे श्रेयांक पद्धतीसाठी उत्तीर्णतेचा भाग दुसऱ्या फाइलमध्ये हलवला गेला होता आणि जुनी सदोष ओळ त्याबरोबर तिकडे गेली होती. बदल नेताना गिटने संघर्ष दाखवला. म्हणजे कोणता मजकूर ठेवावा, हे माणसाने ठरवावे लागणार होते. ते काम दुसऱ्या दिवसावर ढकलले गेले. तक्रार बंद झालेली असल्याने दुसऱ्या दिवशी त्याची आठवण करून देणारे काहीच उरले नव्हते. मे महिन्यात मुख्य शाखेवरून आवृत्ती २.४ निघाली आणि १०० गुण मिळवणारा विद्यार्थी पुन्हा अनुत्तीर्ण ठरला.

येथे कळीचा मुद्दा चाचणीचा आहे. डिसेंबरमध्ये लिहिलेली चाचणी हा दोष सहज पकडू शकली असती. पण ती दुरुस्तीबरोबरच स्थिर शाखेत राहिली. मुख्य शाखेवर ती नव्हतीच, म्हणून तेथील सर्व चाचण्या यशस्वी झाल्या. दुरुस्ती आणि तिचा पहारेकरी हे दोघेही एकाच वेळी मागे राहिले. यामुळेच हा प्रकार आवृत्ती बाहेर पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

निदान

दोष परत आला की प्रथम एकच प्रश्न विचारावा : दुरुस्तीची कमिट मुख्य शाखेत आहे काय? दुरुस्तीच्या कमिटची ओळख 7c1f0e2 अशी असल्यास पुढील आज्ञा ती कमिट असलेल्या शाखांची यादी देते :

```
git branch -a --contains 7c1f0e2
```

यादीत केवळ release-2.3 आली आणि main आली नाही, तर संशय बळावतो. तथापि एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. चेरी-पिक या पद्धतीने एकच बदल दुसऱ्या शाखेत उचलून नेला, तर तेथे त्याला नवी ओळख मिळते आणि वरील यादीत तो दिसत नाही. म्हणून ओळखीऐवजी बदलाच्या आशयाची तुलना करणारी आज्ञा वापरावी :

```
git cherry -v main v2.3.1
```

या आज्ञेच्या उत्तरात ज्या कमिटपुढे उणे चिन्ह येते, तिच्याशी समान बदल मुख्य शाखेत आहे. अधिक चिन्ह आले तर तसा बदल तेथे सापडलेला नाही. यालाही मर्यादा आहे. वरील उदाहरणाप्रमाणे संघर्ष हाताने सोडवून दुसऱ्या फाइलमध्ये दुरुस्ती केली, तर बदलाचे रूप वेगळे होते आणि दुरुस्ती झालेली असूनही अधिक चिन्हच दिसते. सारांश, ही आज्ञा शंकास्थळे दाखवते. अंतिम पुरावा म्हणजे जुनी चाचणी मुख्य शाखेवर चालवून पाहणे.

कमिट मुख्य शाखेत असूनही दोष परतला असेल, तर कारण निराळे असते : नंतरच्या एखाद्या बदलाने दुरुस्ती पुसली गेली आहे. ओपनएसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या आज्ञावलीत असे घडले. २००६ मध्ये दूर केलेला सुरक्षा-दोष २०२० मधील एका बदलात संरक्षक ओळ अनवधानाने निघून गेल्यामुळे परत आला आणि जुलै २०२४ मध्ये आवृत्ती ९.८ ने पुन्हा दूर झाला. दोन्ही प्रकारांत वापरणाऱ्याला दिसणारे लक्षण एकच असले, तरी उपाय भिन्न आहेत. पहिल्यात राहिलेले विलीनीकरण करावयाचे असते, तर दुसऱ्यात पुसणारा बदल शोधावयाचा असतो.

एका शाखेत दुरुस्त आणि पुढील आवृत्तीत गायब, हे लक्षण मोठ्या कंपन्यांच्या उत्पादनांतही दिसले आहे. अ‍ॅपलने मे २०१९ मध्ये आयओएस १२.३ मध्ये CVE-2019-8605 हा गाभ्यातील सुरक्षा-दोष दूर केला. जुलैमध्ये आलेल्या आयओएस १२.४ मध्ये तो पुन्हा होता. ऑगस्टमध्ये त्याचा उपयोग करून फोनवरील बंधने तोडणारे साधन प्रसृत झाले आणि २६ ऑगस्ट २०१९ रोजी आयओएस १२.४.१ देऊन तोच दोष दुसऱ्यांदा दुरुस्त करावा लागला. दुरुस्ती का सुटली, हे कंपनीच्या सुरक्षा-टिपणीत सांगितलेले नाही. परंतु या घटनेतून धोक्याचे स्वरूप स्पष्ट होते. पहिल्या दुरुस्तीनंतर दोषाचा तपशील जाहीर झालेला असतो. म्हणून परतलेला सुरक्षा-दोष नव्या दोषाहून अधिक घातक ठरतो.

प्रतिबंध

व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी जानेवारी २०१० मध्ये मांडलेल्या शाखापद्धतीत तातडीची दुरुस्ती वापरातील शाखा आणि विकासशाखा या दोहोंत विलीन करावी, असा नियम आहे. हा नियम योग्य असला, तरी त्यातील दुसरे विलीनीकरण संकट टळल्यानंतर करावयाचे असते. नेमके तेच विसरले जाते.

लिनक्सच्या गाभ्याचे स्थिर आवृत्तीविषयक नियम हा क्रम उलटा करतात. एखादा बदल किंवा त्याच्याशी समतुल्य दुरुस्ती मुख्य वृक्षात आधीच असेल, तरच तो स्थिर आवृत्तीत घेतला जातो. म्हणजे दुरुस्ती प्रथम मुख्य शाखेत होते आणि मग मागे आणली जाते. तसे आणताना पुढील आज्ञा मूळ कमिटची ओळख नव्या नोंदीत लिहून ठेवते :

```
git cherry-pick -x <commit>
```

या क्रमाचे बळ असे की विसर पडलाच, तर दोष वापरातील आवृत्तीत तसाच राहतो आणि तक्रार चालू राहिल्याने तो विसरता येत नाही. याउलट पहिल्या क्रमात विसर पडला, तर पुढील आवृत्तीपर्यंत सर्वत्र शांतता असते.

मात्र हा क्रम नेहमी शक्य नसतो. मुख्य शाखेतील तो भाग पूर्णपणे बदललेला असेल किंवा निकाल रात्रीतच सुधारून द्यावयाचा असेल, तर स्थिर शाखेवरच आधी दुरुस्ती करावी लागते. अशा वेळी तक्रारीची नोंद आवृत्ती दिल्यावर बंद न करता, चाचणी मुख्य शाखेवर यशस्वी झाल्यावरच बंद करावी. चाचणीची स्वतंत्र कमिट केल्यास हे सुकर होते. दुरुस्ती नेताना संघर्ष आला, तरी चाचणी बहुधा विनासायास नेता येते. आणि ती मुख्य शाखेवर अयशस्वी होत राहिली, की राहिलेले काम कोणाच्याही स्मरणशक्तीवर अवलंबून राहत नाही.

समारोप

वरील उदाहरणात दुरुस्ती करणाऱ्याचे ज्ञान कमी पडले नाही. ‘दुरुस्त झाले’ या शब्दांचा अर्थ अपुरा ठरला. वापरातील आवृत्तीपुरता दोष गेला होता, परंतु पुढील आवृत्ती ज्या शाखेतून जन्मणार होती तेथे तो जिवंत होता. आवृत्ती २.४ बाहेर पडण्यापूर्वी २.३.१ आणि मुख्य शाखा यांची तुलना केली असती, तर एक अधिक चिन्ह दिसले असते आणि त्या विद्यार्थ्याचा निकाल दुसऱ्यांदा चुकला नसता.