सात तक्रारींचा गोषवारा

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीला दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. त्यात मागितलेली माहिती मोजकीच आहे: वर्षभरात आलेल्या तक्रारी, निकाली निघालेल्या, नव्वद दिवसांहून जास्त काळ पडून असलेल्या, घेतलेल्या कार्यशाळा आणि झालेल्या कारवाईचं स्वरूप. याच कायद्याचं कलम १६ मात्र तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख उघड करायला मनाई करतं. नावं गाळली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण ओळख नावापेक्षा आकड्यांतूनच जास्त फुटते.

एक काल्पनिक कॉलेज घेऊ. मागच्या वर्षाच्या २ तक्रारी शिल्लक, यंदा ७ नव्या. ६ निकाली, ३ शिल्लक. आधी हा ताळा जुळवायचा: दोन अधिक सात म्हणजे सहा अधिक तीन. एकाच तक्रारीत शेरेबाजीही असते आणि मोबाइलवरचे मेसेजही. ती दोन्हीकडे धरली की बेरीज फुगते. म्हणून प्रत्येक तक्रारीचा एकच मुख्य प्रकार ठरवावा आणि तसं तळटीपेत लिहावं.

प्रकारवारी अशी निघते: शेरेबाजी ३, मेसेज ३, शारीरिक स्पर्श १. इथे तो एकटा आकडा अडचणीचा. त्याच्या जागी नुसती रेघ ओढली, तर एकूण सातातून सहा वजा करायला कुणाला वेळ लागतो? रेघेपेक्षा प्रकार एकत्र करणं बरं: ‘शाब्दिक ३, इतर ४’. माहिती थोडी बोथट होते, हे खरं. पण स्टाफरूममध्ये अर्धी गोष्ट आधीच माहीत असते. आपण उरलेली अर्धी पुरवायची नाही.

सगळ्यात घातक म्हणजे विभाग, प्रकार आणि निकाल एकाच तक्त्यात आडवे-उभे मांडणं. ‘ग्रंथालय, स्पर्श, सेवासमाप्ती: १’ एवढं छापलं की जूनमध्ये कोण गेलं ते आठवायला शिपायालाही क्षणभर पुरतो. म्हणून प्रकारांचा तक्ता वेगळा, निकालांचा वेगळा, आणि विभाग किंवा महिना कुठेच नाही. निकालांतही एकट्या सेवासमाप्तीला स्वतंत्र ओळ देऊ नये. ‘लेखी समज ते सेवासमाप्ती अशी कारवाई: ४, समेट: २’ असं लिहिलं तरी कारवाईचं स्वरूप कळतं.

मग मागच्या वर्षीचा गोषवारा शेजारी ठेवावा. तेव्हा शिल्लक तक्रारींचे प्रकार छापले असतील आणि यंदा निकालही प्रकारानुसार दिले, तर दोन कागद जोडून एखादी तक्रार वेगळी काढता येते.

शेवटी फाइल. एक्सेलमधला पिव्होट तक्ता दिसतो सारांशासारखा, पण मूळ नोंदी त्याच्या पोटात राहू शकतात. मूळ शीट पुसली तरी. आकडे कोऱ्या कागदपत्रात हाताने टाइप करावेत आणि त्याचीच पीडीएफ पाठवावी.